टाटा एससाठी दोन ड्रायव्हर, दोन रेझ्युमे: बांद्याचा की शिवोलीचा?

म्हापशातल्या एका फ्रोझन मालाच्या डिस्ट्रिब्युटरची जाहिरात साधारण अशी होती: "टाटा एससाठी ड्रायव्हर पाहिजे, ट्रान्सपोर्ट लायसन्स मस्ट, दुपारी बाईकवर छोट्या डिलिव्हरी, रेकॉर्ड क्लीन, बार्देशचे रूट माहीत असावेत." हा डिस्ट्रिब्युटर म्हणजे माझा मावसभाऊ. चाळणी लावून दोन रेझ्युमे उरले नि ते त्याने माझ्याकडे पाठवले, कोणाला घेऊ सांग म्हणून. एक बांद्याचा, रोज बसने पात्रादेवी ओलांडून येणारा, दुसरा शिवोलीचा, घरापासून गोडाऊनपर्यंत स्कूटरवर पंधरा मिनिटांत. दोघांचीही नावं देत नाही, गावावरूनच बोलतो.

रेझ्युमे बघितले तर दोघंही सारखेच वाटतात हो. "अनुभवी, मेहनती, सर्व वाहने चालवतो, व्हॅलिड लायसन्स, नो अॅक्सिडेंट." यातलं "सर्व वाहने" हे वाक्य आधी खोडून टाका, कारण सर्व वाहनं चालवता येणारं लायसन्सच नसतं, लायसन्सवर एकेक क्लास असतो नि प्रत्येक क्लासची तारीख वेगळी असते. म्हणून दोघांकडून फक्त लायसन्स नंबर नि जन्मतारीख मागितली आणि सारथी परिवहनच्या साइटवर टाकून बघितली. तिथे दोन गोष्टी दिसतात ज्या रेझ्युमेत कधीच नसतात: कुठला क्लास कधी मिळाला, आणि ट्रान्सपोर्ट नि नॉन ट्रान्सपोर्टची मुदत वेगवेगळी.

बांद्याच्याचा नंबर MH07 ने सुरू होतो नि पुढे 2014, म्हणजे सिंधुदुर्गातून त्या वर्षी पहिलं लायसन्स. MCWG म्हणजे गिअरवाली बाईक तेव्हाच, LMV म्हणजे कारसारखी हलकी गाडी 2016 ला, ट्रान्सपोर्ट 2018 ला. रेझ्युमेत "दहा वर्षं टेम्पो, पिकअप" लिहिलंय. 2016 पासून मोजलं तर गाडी चालवण्याची दहा वर्षं कशीबशी जुळतात, पण मालगाडीची दहा म्हणणं जरा ताणलेलंच. खोटं नाही म्हणणार, सगळे तसंच लिहितात. आता मुदत बघा. नॉन ट्रान्सपोर्ट 2034 पर्यंत आहे नि रेझ्युमेत त्याने तीच तारीख टाकलीय. ट्रान्सपोर्टची मुदत मात्र काही महिन्यांपूर्वीच संपलेली. त्याला विचारलं तर म्हणाला, "अहो कार्डावर 2034 दिसतंय ना?" कार्डावर दोन तारखा असतात नि मोठी असते ती बघून माणूस निवांत होतो.

शिवोलीच्याचा नंबर GA03, 2019 चा. क्लास दोनच, LMV नि MCWOG, म्हणजे बिनगिअरची. ट्रान्सपोर्ट नाहीच. पाच वर्षं एका फूड डिलिव्हरी अॅपवर रायडर, नंतर आसगांवच्या एका व्हिलात पाहुण्यांची कार चालवायचा.

भाऊ म्हणाला, मग शिवोलीचा बाद, मी ट्रान्सपोर्ट मस्ट लिहिलंय. थांब म्हटलं. एससाठी ट्रान्सपोर्ट लागतंच असं राहिलेलं नाही आता. सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 ला निकाल दिला की साधं LMV असलेला माणूस 7500 किलोच्या आतली मालगाडी वेगळ्या ट्रान्सपोर्ट नोंदीशिवाय चालवू शकतो. 2017 ला तीन न्यायाधीशांनी तेच म्हटलं होतं, विमा कंपन्यांनी वाद नेला म्हणून परत पाचांसमोर गेलं. हे वजन म्हणजे मालासकट एकूण वजन, आरसीवर लिहिलेलं असतं ते, शोरूमवाला सांगतो ते नाही. एस या मर्यादेच्या खूप खाली येते. म्हणजे जाहिरातीतली ती "मस्ट" ओळ कामापेक्षा मोठी होती नि उगीचच माणसं गाळत होती. हां, एससारख्या छोट्या गाडीतसुद्धा गॅस सिलिंडरसारखा धोकादायक माल न्यायचा असेल तर हे लागू नाही, त्याला वेगळं ट्रेनिंग नि वेगळी नोंद लागते. पुढे साडेसात टनांवरची गाडी घ्यायची असेल तरी ट्रान्सपोर्ट पाहिजेच, आणि ते मिळवायला हातात LMV निदान एक वर्षाचं असावं लागतं.

म्हणजे गंमत बघा, एससाठी दोघंही पात्र. बांद्याच्याचं ट्रान्सपोर्ट संपलं असलं तरी LMV जिवंत आहे. तरी मी भावाला सांगितलं की त्याला रिन्यू करायला लाव, कारण मुदत संपून वर्ष व्हायच्या आत केलं तर परत ड्रायव्हिंग टेस्ट द्यावी लागत नाही, नि नाक्यावर अडवलं तर कोर्टाचा निकाल समजावत बसण्यापेक्षा कार्ड पुढे केलेलं बरं. आणि MH चं लायसन्स गोव्यात चालतं का असं परत परत विचारणाऱ्यांसाठी, चालतं, लायसन्स देशभर एकच, "फक्त GA लायसन्स" असं जाहिरातीत लिहिण्याला काही आधार नाही.

अडकलं ते दुपारच्या बाईकवर. जाहिरातीत नुसतं "बाईक" लिहिलेलं, नि गोडाऊनमध्ये उभी आहे स्प्लेंडर. शिवोलीचा पाच वर्षं रायडर होता तो सगळा स्कूटरवर, MCWOG वर गिअरवाली चालवता येत नाही. रायडरचा एवढा अनुभव आहे म्हणजे बाईकचं तरी बघायला नको असं भावाला वाटलं होतं, आणि नेमकं तिथेच लायसन्स कमी पडलं. हे नुसतं चलनापुरतं नाही हो. योग्य क्लास नसलेल्या माणसाला गाडी दिली तर मालकावर वेगळी कलम लागते, 5000 दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी समोरच्याला पैसे देते नि मग मालकाकडून वसूल करायला येते. ती वसुली पाच हजारांवर थांबत नाही.

आता क्लीन रेकॉर्ड. दोघांनीही पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट जोडलेलं, चांगलंय, पण त्यात चलनं दिसत नाहीत. चलनं बघायची ती ई चलनच्या साइटवर, नि तिथे लायसन्स नंबरनेही शोधता येतं नि गाडीच्या नंबरनेही. ओटीपी मागते म्हणून उमेदवाराला समोर बसवून त्याच्याच मोबाईलवर उघडायला सांगा. बांद्याच्याच्या लायसन्सवर एक चलन निघालं, हेल्मेट नव्हतं, भरलेलं. शिवोलीच्याच्या लायसन्सवर काहीच नाही, एकदम कोरं. भाऊ खूश. म्हटलं आता त्याच्या स्कूटरचा नंबर टाक. टाकला तर स्पीडची नि सिग्नलची चलनं एकाखाली एक, बरीचशी न भरलेली. कॅमेऱ्याचं चलन गाडीच्या नंबरवर पडतं, चालवत कोण होता ते कॅमेऱ्याला कळत नाही, त्यामुळे लायसन्स कोरं दिसणं नि माणूस सरळ चालवणं या दोन वेगळ्या गोष्टी. तो म्हणाला स्कूटर धाकटा भाऊ पण चालवतो. असेल, मी तिथे नव्हतो. पण अॅपच्या डिलिव्हरीत मिनिटं मोजून पळायची सवय लागते, नि ती सवय एसच्या स्टिअरिंगवर आली तर मागच्या क्रेटांचं नि पुढच्या पर्यटकाचं काय होईल ते तुम्हीच बघा.

माझा हिशेब असा की हेल्मेट, पार्किंग असली एखाददुसरी चलनं मी सोडून देतो, फक्त हेल्मेटच्या कलमात लायसन्स तीन महिने बाद होऊ शकतं म्हणून "सस्पेंड झालं होतं का" एवढं विचारतो. 184 म्हणजे बेदरकार नि 185 म्हणजे दारू पिऊन, यातलं एक जरी असलं तर पुढे बोलणंच नाही. न भरलेल्या चलनांचा ढीग या दोन्हींच्या मध्ये येतो, माणूस बाद करत नाही मी, पण आधी भर नि मग ये म्हणतो.

रूटच्या बाबतीत शिवोलीचा सरळ जिंकतो. गोव्यात पत्ता म्हणजे घर नंबर, वाडो नि मग "खुरसाकडून डावीकडे", मॅप तिथे अर्ध्या वाटेत सोडून देतो. दोघांना एकच प्रश्न विचारला: शुक्रवारी सकाळी सातला निघ, हणजूण, कळंगुट, कांदोळी कर, अकराच्या आसपास गोडाऊनला परत ये, कसा येशील? बांद्याचा म्हणाला हडफडे, पर्रा करून म्हापसा. रस्ता चूक नाही, पण शुक्रवार म्हणजे म्हापशाचा बाजार, त्या वेळेला त्या बाजूने आत शिरलात तर अडकलातच. शिवोलीच्याने लगेच सांगितलं की कांदोळीहून साळगांव, गिरी करून हायवे पकडणार नि बाजार टाळून ग्रीन पार्कच्या बाजूने आत येणार, नि वर विचारलं, "हणजूणची हॉटेलं सातला उघडी असतात काय? आधी कळंगुट करूया ना." हा प्रश्न ऐकून मला माणूस आवडला, खरं सांगतो.

पण मग दोघांना एस रिव्हर्स घ्यायला लावली गोडाऊनच्या बोळात. मागे बंद बॉडी, आतल्या आरशात काही दिसत नाही, फक्त बाजूचे दोन आरसे. बांद्याच्याने उतरून एकदा मागे बघितलं, परत बसला नि एका दमात लावली. शिवोलीचा कारच्या सवयीने मान मागे वळवत राहिला, तिकडे पत्र्याशिवाय काय दिसणार, तिसऱ्या वेळी बंपर गटाराच्या कडेला टेकला. शिकेल तो, पण सीझनमध्ये शिकवायला वेळ कोणाकडे आहे.

तर मावसभावाला मी बांद्याचा घे म्हटलं. सकाळची गिऱ्हाइकं ठरलेली आहेत, रोज तीच हॉटेलं, दोन आठवडे कोणी बाजूला बसलं की रूट डोक्यात बसतो, भरलेली एस रिव्हर्स घेण्याचा हात तेवढ्यात बसत नाही, आणि स्प्लेंडरही त्याला कायद्याने चालते. ट्रान्सपोर्ट रिन्यूचा अर्ज केल्याची पावती दाखव नि मग जॉइन हो, एवढी एकच अट. तुमच्याकडे काम उलटं असेल, म्हणजे एस नावापुरती नि खरा धंदा वाड्यावाड्यांतल्या व्हिलांच्या छोट्या ऑर्डरींचा, तर मी डोळे मिटून शिवोलीचा सांगितला असता नि स्प्लेंडर विकून स्कूटर घ्या म्हटलं असतं. त्याचा नंबर ठेवून घेतलाय. त्याला सांगितलंय की चलनं भर नि लायसन्सवर MCWG चढव, त्याला नवीन लर्निंग काढून महिनाभर थांबावं लागतं, म्हणजे पावसात सुरू केलंस तर ऑक्टोबरात शॅक उभे राहायच्या आधी होऊन जाईल, नि तेव्हा दुपारच्या ऑर्डरींना दुसरा माणूस लागतोच.