मुंबईहून दोघे, वाकडला तिसरा, साताऱ्यात चौथा: पेट्रोल आणि टोल कसा वाटायचा?

कोल्हापूरला मित्राचं लग्न. राहुलच्या गाडीत मुंबईहून राहुल आणि मी, वाकडला मंदार चढणार, साताऱ्याला वैभव. चौघं उतरणार एकाच ठिकाणी, पण चढणार तीन ठिकाणी. मग वैभवने किती द्यायचे?

आधी खर्च मांडू. मुंबई-पुणे १५० किलोमीटर, पुणे-सातारा ११०, सातारा-कोल्हापूर १२०. गाडीला किलोमीटरमागे ७ रुपयांचं पेट्रोल लागतं असं धरलं, तर तीन टप्प्यांचे १०५०, ७७० आणि ८४० रुपये होतात. द्रुतगती मार्गाचा टोल ३२०. खेड-शिवापूर आणि आनेवाडी मिळून २०० धरू, तासवडे आणि किणी मिळून १८०. म्हणजे टप्पे पडले १३७०, ९७० आणि १०२० रुपयांचे, एकूण ३३६०.

वाटण्याच्या तीन पद्धती आहेत. पहिली, सरळ भागिले चार. दुसरी किलोमीटरवार: प्रत्येकजण जितके किलोमीटर बसला ते सगळे मिळवायचे (इथे ३८०, ३८०, २३० आणि १२०, म्हणजे १११०), एकूण खर्चाला त्याने भागायचं आणि येईल त्या दराने, म्हणजे साधारण ३ रुपये ३ पैशांनी, ज्याने-त्याने द्यायचं. तिसरी टप्पेवार: त्या टप्प्यात गाडीत जेवढी डोकी, तेवढ्यांत त्या टप्प्याचा खर्च.

| | राहुल, मी (प्रत्येकी) | मंदार | वैभव |
|---|---|---|---|
| भागिले चार | ८४० | ८४० | ८४० |
| किलोमीटरवार | ११५० | ६९६ | ३६३ |
| टप्पेवार | १२६३ | ५७८ | २५५ |

पहिली पद्धत इथे बादच. वैभव १२० किलोमीटरसाठी ८४० देणार, म्हणजे शेवटच्या टप्प्याचा जवळजवळ सगळा खर्च त्याच्या एकट्याच्या खिशातून. सगळे तासाभराच्या अंतरात चढत असतील तर मात्र हीच पद्धत बरी. पन्नास रुपयांसाठी कोण आकडेमोड करत बसणार?

खरी निवड उरलेल्या दोघांत आहे. वैभवचे ३६३ आणि २५५ यांत १०८ रुपयांचा फरक का पडतो? किलोमीटरवार हिशोबात प्रत्येक किलोमीटरला एकच दर लागतो. मुंबई ते वाकड गाडी अर्धी रिकामी धावली, त्याचा थोडा भार वैभववरही येतो, आणि द्रुतगती मार्गाच्या टोलचाही. तो रस्ता त्याने त्या दिवशी पाहिलेलाही नाही. टोल नाक्यावर हजर असणाऱ्यांतच वाटला, तर किलोमीटरवार पद्धतीतही त्याचे ३३३ होतात. एवढी दुरुस्ती तरी कराच.

टप्पेवार हिशोबात रिकाम्या जागेचं ओझं मुंबईकरांवर. ते रास्त आहे का, हे एका प्रश्नावर ठरतं: मंदार आणि वैभव नसते तर गाडी निघाली असती का? राहुल आणि मी तसेही जाणार होतो, म्हणून माझं मत टप्पेवारकडे. पण चौघांनी मिळून बेत आखला असेल आणि दोघांच्या जागा राखायच्या म्हणून ठाण्याच्या मित्राला नाही म्हटलं असेल, तर ती रिकामी जागा त्यांचीच. तिथे किलोमीटरवार घ्या.

टप्पेवारचा आणखी एक फायदा आयत्या वेळी कळतो. वैभवने सकाळी ‘जमत नाही रे’ असा मेसेज टाकला, तर फक्त शेवटचा टप्पा तिघांत वाटला जातो आणि प्रत्येकाचे ८५ रुपये वाढतात. भागिले चारमध्ये तेच २८० वाढले असते. किलोमीटरवारमध्ये दरच बदलतो, म्हणून आधीच्या टप्प्यांचाही हिशोब पुन्हा मांडावा लागतो.

वळसा मात्र कुठल्याच पद्धतीत मिसळू नका. वैभव वाढे फाट्यावर येऊन थांबला तर काहीच नाही. ‘घरी या, चहा घेऊ’ म्हणून गाडी हायवे सोडून १५ किलोमीटर आत गेली, तर जाऊन-येऊन ३० किलोमीटरचे २१० रुपये त्याचे. चहा त्यातून वजा होत नाही.

राहिला फास्टॅग. टोल राहुलच्या खात्यातून कापला जातो, तेव्हा पावती शोधण्यापेक्षा कापल्याचे मेसेज ग्रुपवर टाकायला सांगा. घोळ होतो तो वार्षिक पासमुळे. ऑगस्ट २०२५ मध्ये तो ३००० रुपयांना, एक वर्ष किंवा २०० फेऱ्यांसाठी सुरू झाला. प्रत्येक नाका ही एक फेरी, म्हणजे १५ रुपये. हा पास राष्ट्रीय महामार्गांवरचा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग राज्याचा, तिथे ३२० भरावेच लागतात. पुण्यापुढच्या चार नाक्यांचे मात्र ३८० ऐवजी ६० झाले. मग राहुलने ३८० मागायचे की ६०? मी म्हणेन, त्याच्या वर्षभरात २०० फेऱ्या होत असतील तर ६०. त्याच्या जेमतेम १०० होत असतील, तर त्याला प्रत्येक नाका ३० रुपयांना पडतो; तेव्हा १२० धरा आणि निघायच्या आधीच तसं ठरवून टाका.