आरोग्य ७० टक्के, तरी २८ टक्क्यांवर लॅपटॉप बंद: बॅटरी बदलून आठ महिने झाल्यावरचा अनुभव

माझा लॅपटॉप चार वर्षांचा झाला होता. एका मीटिंगमध्ये मी स्क्रीन शेअर करायला गेले आणि तो एकदम काळा पडला. खाली कोपऱ्यात २८ टक्के दिसत होते. चार्जर लावल्यावर तो पुन्हा सुरू झाला आणि आकडा परत २७-२८ च्या आसपास. पुढच्या आठवड्यात हे तीनदा झालं, दर वेळी एखादं जड काम सुरू करतानाच. नुसतं लिहीत बसले तर मात्र तोच लॅपटॉप ८-९ टक्क्यांपर्यंत निवांत चालायचा. हा फरक मी तेव्हा फारसा मनावर घेतला नाही, पण सगळं उत्तर त्यातच होतं.

विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढायला एकच ओळ पुरते. कमांड प्रॉम्प्ट उघडून हे टाकायचं:

```
powercfg /batteryreport
```

त्यातून `battery-report.html` नावाची फाइल तयार होते. कुठे ठेवली तेही तिथेच दिसतं. त्या फाइलमधल्या दोन ओळी महत्त्वाच्या: `DESIGN CAPACITY`, म्हणजे बॅटरी नवी असताना किती वीज साठवायची, आणि `FULL CHARGE CAPACITY`, म्हणजे आज पूर्ण भरल्यावर किती साठवते. माझ्याकडे पहिला आकडा ५१,००० मिलीवॅट-अवर होता आणि दुसरा ३५,७००. म्हणजे आरोग्य ७० टक्के.

पहिल्या दुकानात हा अहवाल दाखवला. त्यांनी लॅपटॉप उघडलाही नाही. '७० म्हणजे अजून चालेल,' असं सांगून मला परत पाठवलं. याचं मला आजही वाईट वाटतं, कारण आकडा खरा असूनही निष्कर्ष चुकीचा होता.

बॅटरी जुनी होताना दोन गोष्टी घडतात. साठवण कमी होते, हे अहवालात दिसतं. सेलचा अंतर्गत रोधही वाढतो, आणि तो त्या अहवालात कुठेच दिसत नाही. रोध वाढला की थोडी वीज मागितली तर बॅटरी देते, पण एकदम जास्त मागितली की तिचा व्होल्टेज कोसळतो. माझ्या बॅटरीत तीन सेल एकामागोमाग जोडलेले आहेत. अशा जोडणीत सगळ्यात कमजोर सेल तळाला टेकला की संरक्षणाचं सर्किट सगळा पुरवठा तोडतं, मग बाकीच्या दोघांत कितीही वीज उरलेली असो.

दुसऱ्या दुकानातल्या तंत्रज्ञांनी हे माझ्यासमोर दाखवलं. त्यांनी लॅपटॉपच्या आतले आकडे दाखवणाऱ्या `HWiNFO` या प्रोग्राममध्ये बॅटरीचा व्होल्टेज उघडून ठेवला आणि चार्ज ३० टक्क्यांवर येऊ दिला. काही काम चालू नसताना आकडा ११.२ व्होल्ट. मग प्रोसेसरवर भार टाकला, खर्च साधारण ३० वॅटपर्यंत गेला, आणि आकडा ९.४ वर आला. म्हणजे प्रत्येक सेलच्या वाट्याला सरासरी ३.१ व्होल्ट. सेलची तळाची मर्यादा साधारण ३ व्होल्टची, आणि सरासरी ३.१ असेल तर सगळ्यात कमजोर सेल त्या ३ च्याही खाली गेलेला असू शकतो. आम्ही दोघं बघत असतानाच लॅपटॉप बंद पडला.

मग त्यांनी कागदावर साधा हिशेब मांडला. ३५.७ वॅट-अवरपैकी २८ टक्के मला कामाच्या वेळी मिळतच नाहीत. उरले २५.७. मूळच्या ५१ च्या तुलनेत ही निम्मी वीज झाली. अहवाल ७० म्हणत होता, पण माझ्या हातात ५० पडत होते.

तरी त्यांनी लगेच बॅटरी बदलायला घेतली नाही, आणि त्यामुळेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. आधी चार्जर आणि पिन तपासली, कारण चार्जिंगच नीट होत नसेल तर नवी बॅटरीसुद्धा अर्धीच भरेल. मग मला सांगितलं, की घरी एकदा पूर्ण भरा, पूर्ण उतरू द्या, पुन्हा पूर्ण भरा. टक्के मोजणारी चिप अंदाजाने चालते आणि कधीकधी वाट चुकते, अशा एका फेरीने ती ताळ्यावर येते. माझा आकडा ३५,७०० वरून ३४,९०० झाला, आणि बंद पडणं तसंच राहिलं. म्हणजे दोष चिपचा नव्हता. शेवटी लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून तो डुगडुगतो का आणि टचपॅड वर उचललं गेलंय का हे पाहिलं. बॅटरी फुगली असती तर पुढचा काही विचारच नको होता. अशी बॅटरी चार्ज करणं तिथल्या तिथे थांबवायचं, ती दाबायची नाही की टोचायची नाही, सरळ बदलायची.

बदलतानाचा प्रसंग सांगायलाच हवा. पहिली नवी बॅटरी बसवली, अहवालात ५१,००० दिसले, आणि सायकल, म्हणजे बॅटरी पूर्ण वापरून झाल्याच्या फेऱ्या, शून्य. मी निघायलाच लागले होते. त्यांनी थांबवलं. म्हणाले, 'ताई, हा आकडा बॅटरीतल्या चिपने स्वतःच सांगितलेला आहे. आत सेल कसले आहेत ते चालवल्याशिवाय कळणार नाही.' पूर्ण भरून त्यांनी खर्च १२ वॅटच्या आसपास स्थिर ठेवला. ५१ वॅट-अवर असते तर सव्वाचार तास मिळायला हवे होते. दोन तास पन्नास मिनिटांत लॅपटॉप बंद पडला, म्हणजे आत जेमतेम ३४ वॅट-अवर होते. शेवटी टक्केही ३४ वरून थेट ६ वर उडी मारून गेले. ती बॅटरी त्यांनी स्वतःच परत केली. दुसरी तशाच परीक्षेत चार तास दहा मिनिटं टिकली. त्याच ३० वॅटच्या भाराखाली तिचा व्होल्टेज ११.३ वरून १०.८ वर आला, त्याखाली गेला नाही.

बॅटरी बदलून देणाऱ्याकडे मी आता दोनच गोष्टी मागते: भार टाकून व्होल्टेज दाखवा, आणि पूर्ण बॅटरी उतरवून वेळ मोजा. दुसऱ्या गोष्टीला अर्धा दिवस जातो. जाऊ द्यावा.

माझ्या बहिणीच्या लॅपटॉपचं आरोग्य ६६ टक्के आहे, माझ्यापेक्षा कमी. पण तो भाराखालीही ५ टक्क्यांपर्यंत सरळ उतरतो, फुगलेला नाही, आणि दिवसभर टेबलावर चार्जरलाच असतो. तिला मी बॅटरी बदलू दिली नाही. माझ्या बाबतीत बदलणं पटलं, कारण मी रोज चार्जरपासून लांब बसते आणि लॅपटॉपचा बाकी भाग आणखी दोन-तीन वर्षं सहज जाईल असा आहे. स्क्रीनच्या बिजागऱ्या ढिल्या असत्या किंवा त्याला अपडेट यायचे थांबले असते, तर हा खर्च मी केला नसता.

आठ महिन्यांत ९६ सायकल झाल्या आहेत आणि पूर्ण क्षमता ४९,४०० दाखवते. घरी काम करताना चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर लावून ठेवते, कारण पूर्ण भरलेल्या अवस्थेत गरम होत राहिली की बॅटरी सगळ्यात लवकर झिजते. बाहेर जायच्या आदल्या रात्री तेवढी १०० करते. परवा २२ टक्क्यांवर असताना वीस मिनिटांचा व्हिडिओ कॉल झाला, स्क्रीनही शेअर केली. संपला तेव्हा आकडा ९ होता आणि लॅपटॉप चालूच होता.