पहिल्या परदेशी ग्राहकाला काय लिहायचं: आगाऊ, डी/पी की उधारी?

सांगलीचा बेदाणा पहिल्यांदाच दुबईच्या व्यापाऱ्याला जाणार असेल, तर पत्रात उधारीचा विषय काढूच नका. माल त्याच्याकडे, आपल्या हाती फक्त तगादा. पूर्ण आगाऊ मागितलं तर अनोळखी माणूस बहुधा दुसरीकडे वळतो. उरते डी/पी, म्हणजे पैसे भरा आणि कागद घ्या: पैसे भरल्याशिवाय बँक बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजाने गेलेल्या मालाच्या मालकीचा कागद, सोडत नाही. पण भाव पडला आणि त्याने कागद सोडवलेच नाहीत, तर कंटेनर बंदरात अडकतो, डिमरेज, म्हणजे अडकून राहिल्याचं शुल्क, चढतं. म्हणून मी लिहीन, ‘३० टक्के आगाऊ, बाकी डी/पी ॲट साइट,’ म्हणजे उरलेले पैसे कागद दाखवताच. माल परत आणायची वेळ आलीच, तर भाड्याला हाताशी काही राहतं. विमानाने जाणाऱ्या मालाला मात्र पूर्ण आगाऊच. एअर वेबिल मालकीचा कागद नाही. ज्याच्या नावे माल, त्याला तो बँकेत पैसे न भरताही मिळतो.