सात वाजून एक मिनिटाची कँडल

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका बेदाण्याच्या पेढीवर हिशेब लिहितो. भाव कसा चढतो, कसा पडतो हे रोज सौद्यात उभं राहून बघणारा माणूस भावाच्याच खेळात साडेतीन लाखांना गंडला, हे सांगताना जीभ जड होते. तरी लिहितोय, कारण माझ्यावर जी युक्ती केली ती फार साधी आहे, आणि ती कळण्याआधी मलाही तो चमत्कारच वाटला होता.

नोव्हेंबर २०२२. ओळखीतला एक जण म्हणाला, विश्रामबागेत एक सर आहेत, डॉलर-येनचा व्यवहार करतात, एकदा येऊन तर बघा. १० तारखेला, गुरुवारी, संध्याकाळी गेलो. दुकानांच्या वर एक खोली, वीस-बावीस खुर्च्या, भिंतीवर मोठा टीव्ही आणि टीव्हीवर त्यांच्या अ‍ॅपचा एक मिनिटाचा चार्ट, म्हणजे दर मिनिटाच्या भावाची एक उभी पट्टी, तिलाच कँडल म्हणतात. सरांनी आधी सांगितलेलं सगळं खरं होतं, हे आज मान्य करावं लागतं. अमेरिकेच्या महागाईचा आकडा तिथे सकाळी साडेआठला जाहीर होतो. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात सहा आणि त्यांची घड्याळं मागे गेल्यावर, म्हणजे हिवाळ्यात, सात वाजलेले असतात. सेकंदाचीही उशीर-लवकर नाही.

सातला दोन मिनिटं कमी असताना खोली गप्प झाली. भाव १४६ येनच्या आसपास रेंगाळत होता. सात वाजले. सर कपाळावर दोन बोटं टेकवून उभे होते, कानात एक बारीकसा इअरफोन. पाच-सहा सेकंद गेले असतील. "आकडा कमी आलाय. सेल मारा," ते म्हणाले. त्यांच्या पोराने बटण दाबलं, म्हणजे आता भाव पडला तर नफा. टीव्हीवरचा भाव होता तिथेच. कोणीतरी खोकलं. मग मिनिटभराने कँडल अशी कोसळली, की मागच्या रांगेतले लोक उभेच राहिले. चहा येईपर्यंत भाव येनभराहून जास्त पडला होता, आणि रात्री झोपताना डॉलर १४१च्या घरात होता.

यात खोटं काय होतं? आकडा खरा होता. महागाई ७.७ टक्के आली. अन्न आणि इंधन वगळून मोजलेला आकडा ६.३ टक्के होता, आणि बाजार ६.५ धरून बसला होता. भावही खरोखर तेवढाच पडला. खोटं फक्त मधलं मिनिट होतं.

हे कळायचं असेल तर भाव का हलतो ते आधी कळायला हवं. ७.७ टक्के महागाई काही कमी नाही. पण बाजाराने साधारण ७.९ गृहीत धरून आधीच भाव लावलेला असतो. आमच्याकडे सौद्याला वीस गाड्या बेदाणा येणार अशी खबर असते, तिच्यावरच सगळ्यांचे मनातले भाव ठरतात. प्रत्यक्ष चौदाच गाड्या आल्या, की माल उतरायच्या आधीच बोली चढते. गाड्या चौदा आल्या म्हणून नाही, सहा कमी आल्या म्हणून. तसंच तिथे. महागाई अपेक्षेपेक्षा कमी, म्हणजे अमेरिकेची मध्यवर्ती बँक व्याज त्या वेगाने वाढवणार नाही. त्यामुळे त्यांच्या दोन वर्षांच्या सरकारी रोख्यांचं व्याज त्या दिवशी सुमारे पाव टक्क्याने घसरलं. येनवर व्याज जवळजवळ नव्हतंच. डॉलर धरून ठेवायचं मुख्य कारणच ते व्याज होतं, म्हणून डॉलर पडला.

आणि हा हिशेब कोणी बसून करत नाही. आकडा वाचायला यंत्रं लावलेली असतात, अपेक्षेशी वजाबाकी करून ती सेकंदाच्या आत सौदा टाकतात. माणसाने आकडा ऐकून, समजून बटण दाबेपर्यंत पहिला मोठा झटका होऊन गेलेला असतो. म्हणजे सात वाजून पाच-सहा सेकंदांनी ज्याने 'सेल' म्हटलं, त्याला पडून गेलेला भाव दिसायला हवा होता. आमच्या टीव्हीवर मात्र भाव अजून १४६वरच उभा होता. हे त्या रात्री माझ्या डोक्यात आलं नाही. मी चमत्कार बघून घरी गेलो होतो.

पुढचं पटकन सांगतो. पन्नास हजार भरले. पैसे कंपनीच्या नावे नव्हे, कुठल्या तरी बाईच्या बचत खात्यावर, यूपीआयने. दुसऱ्या खेपेला खातं वेगळं, नाव वेगळं. दुसऱ्याच्या हिशेबात अशी नोंद दिसली असती तर मी तिच्याखाली लाल रेघ मारली असती. १३ डिसेंबरला पुढचा आकडा होता, ७.१ टक्के, तोही अपेक्षेपेक्षा कमी. त्याच खोलीत, सरांनी 'सेल' म्हणताच मी स्वतः सौदा टाकला. वीस हजार डॉलरचा सौदा, भाव दीड येन पडला, दोनशे डॉलरच्या वर नफा. बारा हजार रुपये काढायला टाकले, ते तासाभरात खात्यावर आले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी सोसायटीतून उचललेले तीन लाख भरले.

त्याच रात्री अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा निर्णय होता, आपल्याकडे साडेबाराला. या वेळी खोलीत नाही, घरी, मोबाइलवर. सरांचा ग्रुपवर मेसेज येणार आणि आपण सौदा टाकायचा.

बँकेचं निवेदन ही महागाईच्या आकड्यापेक्षा अवघड चीज आहे. आकड्याची वजाबाकी होते, निवेदनाची होत नाही. त्या रात्री व्याज अर्ध्या टक्क्याने वाढून ४.२५ ते ४.५० झालं, आणि ते सगळ्यांनी धरलेलंच होतं. त्याने भाव हलायचं कारण नव्हतं. हलला तो सोबतच्या तक्त्याने. पुढच्या वर्षअखेर व्याज कुठे असेल याचा बँकेच्या सदस्यांचा मधला अंदाज सप्टेंबरात ४.६ होता, तो ५.१ झाला. डॉलर उसळला. मग अर्ध्या तासाने अध्यक्षांची पत्रकार परिषद सुरू होते, आणि तिथला सूर बघून बाजार बरेचदा उलटा फिरतो. त्याही रात्री उसळी टिकली नाही.

सरांचा मेसेज आला : बाय. मी एक लाख डॉलरचा सौदा टाकला, चाळीस पिप खाली स्टॉप लावून, म्हणजे भाव तिथवर पडला की सौदा आपोआप बंद. येनमध्ये एक पिप म्हणजे येनचा शंभरावा भाग. एरवी खरेदी-विक्रीच्या भावात दोन पिपांचं अंतर असायचं, ते बघता बघता साठ झालं. मी दाबला तो भाव मिळालाच नाही, पंचवीस पिप वर सौदा लागला. आणि भाव खाली यायला लागल्यावर स्टॉपही ठरल्या जागी न लागता बराच खाली लागला. सगळा मिळून ११० पिपांचा मार, म्हणजे एक लाख दहा हजार येन, आपले सदुसष्ट हजार रुपये. घड्याळात पावणेदोन वाजले होते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. निकालाच्या क्षणी अंतर वाढणं, स्टॉप घसरून लागणं हे चोख दलालाकडेही होतं, कारण त्या सेकंदांत मोठ्या बँका आपले भाव मागे घेतात. समोर घेणारा नसेल तर स्टॉप लागणार कुठे? त्यामुळे फक्त आपल्या स्क्रीनकडे बघून ही चोरी की बाजाराचा स्वभाव, हे सांगता येत नाही. दुसऱ्या दोन ठिकाणचे चार्ट उघडून त्याच मिनिटाचा तळ बघायचा. माझा स्टॉप ज्या भावाला लागला, त्या भावाच्या जवळपासही दोन्ही चार्टवर बाजार गेला नव्हता. थोडा फरक सगळीकडे असतो, अर्ध्या येनाचा नसतो.

सरांना विचारलं तर म्हणाले, "बँकेच्या रात्री असं होतं. पुढच्या आकड्याला भरून काढू." मी थांबलो. मग २० डिसेंबर उजाडला. त्या दिवशी सकाळी जपानच्या मध्यवर्ती बँकेने दहा वर्षांच्या रोख्यांच्या व्याजाची मुभा पाव टक्क्यावरून अर्ध्या टक्क्यावर नेली. कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. दिवसभरात डॉलर १३७वरून १३१-१३२च्या घरात आला. एवढी मोठी हालचाल, आणि सरांचा ग्रुप चिडीचूप! जपानची बँक निर्णयाची नेमकी वेळ आधी सांगत नाही. बैठक संपली की जाहीर करते. वेळच ठरलेली नसेल तर खुर्च्या मांडून लोक कधी जमवणार?

हे मी पुतणीला बोलून दाखवलं. ती अभियांत्रिकीला आहे. म्हणाली, "काका, पुढच्या आकड्याला दोन मोबाइल शेजारी ठेवू."

१२ जानेवारी २०२३. सात वाजता आकडा आला ६.५ टक्के, अगदी अपेक्षेइतका. तरीही भाव वरखाली नाचला. एका मोबाइलवर फुकट मिळणारा साधा चार्ट, दुसऱ्यावर आमचं अ‍ॅप. साध्या चार्टवर सातच्या ठोक्याला नाच सुरू झाला. आमच्या अ‍ॅपवर भाव शांत उभा. पुतणी मोठ्याने सेकंद मोजत होती. सत्तरला तोच नाच, तसाच्या तसा, आमच्या अ‍ॅपवर सुरू झाला.

सरांच्या कानातल्या इअरफोनवर कोणीतरी जाहीर झालेला आकडा सांगत होतं, एवढंच. टीव्हीवरचा शिळा भाव आम्हाला ताजा म्हणून दाखवला जात होता. एरवी दुपारी भाव पिप-दोन पिप हलतो, तेव्हा सत्तर सेकंदांची शिळवट डोळ्याला कळत नाही. कळते ती फक्त आकड्याच्या वेळी. आणि त्यांच्या खोलीतले सौदे त्या शिळ्या भावाने लागायचे, घरून टाकलेले आमचे सौदे मात्र खऱ्या भावाने. बँकेच्या रात्री मी दाबला तो भाव मला का मिळाला नाही, त्याचं उत्तर हेच.

मग मी १० नोव्हेंबरचा फोटो शोधला. हौसेने टीव्हीचा काढला होता, पेढीवर दाखवायला. कोसळलेली कँडल त्यात १९:०१ची आहे. त्या दिवसाचा कुठलाही चार्ट उघडा, पहिला झटका १९:००च्या कँडलमध्ये आहे. दोन महिने तो पुरावा माझ्या खिशात होता.

पैसे मागितले तेव्हा उत्तर आलं, आधी अठ्ठावन्न हजार 'कर' भरा, मग रक्कम सुटेल. कर रकमेतून कापून घ्या म्हटलं तर नियम नाही म्हणे. मी भरले नाहीत. माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या एका शिक्षकांनी भरले.

तक्रार करतो म्हटल्यावर सर शांतपणे म्हणाले, "करा. परकीय चलनाचा बेकायदा व्यवहार तुम्हीही केलाय." ही धमकी पोकळ नाही, म्हणूनच ती चालते. रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेली ठिकाणं आणि मान्यताप्राप्त शेअर बाजार सोडून असा व्यवहार केला तर फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली आपल्यावरही कारवाई होऊ शकते. रिझर्व्ह बँकेने ७ सप्टेंबर २०२२ला अशा ३४ नावांची सावधानतेची यादी काढली होती, आणि 'आमचं नाव यादीत नाही' हे सर पहिल्याच दिवशी छातीठोक सांगायचे. यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे असं नव्हे, हे त्याच यादीसोबत लिहिलेलं आहे. मी ते नंतर वाचलं.

तरी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, पोर्टलवर तक्रार टाकली, यूपीआयच्या पावत्या आणि दोन्ही मोबाइलचे फोटो जोडले. महिना उशिरा गेलो होतो. पाचपैकी एकाच खात्यात पैसे उरले होते, एक्केचाळीस हजार, ते गोठवले आहेत. विश्रामबागेतली ती खोली रिकामी आहे. सोसायटीचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातो, त्याची नोंद मीच करतो.