जहाज आदळल्यावर कोण भरतं: हल विमा आणि पी अँड आय क्लब, शेजारी शेजारी ठेवून

26 मार्च 2024 च्या पहाटे बाल्टिमोर बंदरातून निघालेल्या 'डाली' या कंटेनर जहाजाची वीज गेली, जहाज भरकटलं आणि फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळलं. पूल कोसळला. पुलावर रस्तादुरुस्ती करणारे सहा कामगार दगावले. या धंद्यात नसलेल्या ओळखीच्यांनी तेव्हा मला एकच विचारलं: एवढं मोठं जहाज, विमा असेलच ना? विमा असतोच. पण 'जहाजाचा विमा' म्हटल्यावर जो डोळ्यासमोर येतो, तो हल अँड मशिनरीचा, म्हणजे जहाजाच्या सांगाड्याचा आणि यंत्रांचा, आणि लंडनच्या नेहमीच्या कलमांवर घेतलेला हल विमा पुलासाठी दमडीही देत नाही. पुलाचा, कामगारांचा आणि नदीतून उपसायच्या पोलादाचा भार जातो पी अँड आय क्लबवर, म्हणजे जहाजमालकांच्या आपसातल्या विमा मंडळावर. 'डाली'चा क्लब होता ब्रिटानिया.

नवं जहाज घेणाऱ्याला किंवा विम्याचं नूतनीकरण करणाऱ्याला बहुधा वाटतं, की हल म्हणजे जहाज आणि क्लब म्हणजे माल व खलाशी, विषय संपला. प्रत्यक्षात दोघांची सीमा टकरीच्या मधोमध जाते. म्हणून इथे फक्त टक्कर घेतो. माल, प्रवासी, चोरून चढलेली माणसं, दंड हे सगळं क्लबकडेच असतं, त्यात निवडण्यासारखं फार काही नाही.

सीमा अशी वाकडी का? 1836 मध्ये 'डी व्हो विरुद्ध सॅल्व्हेडॉर' या खटल्यात इंग्लंडच्या कोर्टाने ठरवलं, की आपल्या जहाजाने दुसऱ्याचं नुकसान केलं तर ती भरपाई हल विम्यात येत नाही. मालकांनी तक्रार केली, तेव्हा विमेदारांनी, म्हणजे विमा देणाऱ्यांनी, पॉलिसीत वेगळं कलम घातलं, पण तीन चतुर्थांशापुरतंच. उरलेला पाव हिस्सा मालकाच्या खिशातून गेला तर कप्तान जपून चालवेल, असा हिशेब होता. मालक मात्र शहाणे निघाले. त्यांनी आपापसात मंडळ काढून तो पाव हिस्सा वाटून घेतला. त्यात मृत्यूची भरपाईही घातली, कारण 1846 च्या कायद्याने मृताच्या वारसांना दावा करता येऊ लागला होता. असं पहिलं मंडळ 1855 मध्ये सुरू झालं, आणि आजचा ब्रिटानिया त्याचाच वारस. जपून चालवण्याचं प्रलोभन असं पहिल्याच फेरीत निकालात निघालं, पण 'तीन चतुर्थांश' आजही छापील कलमांत आहे.

ही छापील कलमं म्हणजे 1983 ची इन्स्टिट्यूट टाइम क्लॉजेस हल्स. त्यांतल्या आठव्या कलमात टकरीची जबाबदारी आहे: दुसऱ्या जहाजाची हानी, त्याचा खोळंबा, त्यावरच्या मालाचं नुकसान, यांच्या तीन चतुर्थांश. मग त्याच कलमात वगळण्याची यादी येते, आणि क्लबचं खरं काम तिथून सुरू होतं. बुडालेलं जहाज किंवा पाण्यात पडलेली कोणतीही वस्तू हटवण्याचा खर्च नाही. जहाज सोडून इतर कशाचीही हानी नाही, म्हणजे धक्का, पूल, बोया, क्रेन. माणसाचा मृत्यू किंवा इजा नाही. प्रदूषणही नाही, फक्त समोरचं जहाज आणि त्यावरच्या वस्तू तेलाने माखल्या तर तेवढा अपवाद.

आकड्यांत बघू. उदाहरण मी रचलेलं आहे, पण अशा फाइली येतात. आपलं बल्क कॅरिअर, विमा उतरवलेली किंमत 2 कोटी डॉलर. धुक्यात ते नांगरून उभ्या असलेल्या एका कंटेनर जहाजावर जातं. समोरचं नांगरावर होतं, त्यामुळे दोष पूर्ण आपला. समोरच्या जहाजाला भगदाड पडतं, इंधनाची टाकी फुटते, डेकवरचे काही कंटेनर पाण्यात पडतात, आणि आपण मागे येताना एक बोया तोडतो. डिडक्टिबल आणि कायद्याने मिळणारी जबाबदारीची मर्यादा क्षणभर बाजूला ठेवू.

| दावा | रक्कम (डॉलर) | हल | क्लब |
|---|---|---|---|
| समोरच्या जहाजाची दुरुस्ती | 60 लाख | 45 लाख | 15 लाख |
| त्याचा खोळंबा | 10 लाख | 7.5 लाख | 2.5 लाख |
| त्यावरचा माल | 30 लाख | 22.5 लाख | 7.5 लाख |
| पडलेले कंटेनर पाण्यातून काढणं | 11 लाख | – | 11 लाख |
| किनाऱ्यावरचं तेल साफ करणं | 24 लाख | – | 24 लाख |
| समोरच्या खलाशांचा मृत्यू आणि इजा | 8 लाख | – | 8 लाख |
| बोया | 2 लाख | – | 2 लाख |

बेरीज 1 कोटी 45 लाख. हल देतो 75 लाख, क्लब 70 लाख. आपल्या जहाजाची स्वतःची दुरुस्ती वेगळी, ती हलकडे. म्हणजे क्लब नसता तर परक्यांच्या देण्यापैकी जवळजवळ निम्मं मालकाच्या गळ्यात.

तक्त्यातल्या दोन ओळी नीट बघा. पाण्यात पडलेल्या कंटेनरमधला माल भिजला, ते तीन चतुर्थांशात मोजलं जातं. तोच कंटेनर खाडीतून उचलून काढण्याचं बिल मात्र पूर्ण क्लबचं. एकाच वस्तूचे दोन दावे आणि दोन वेगळे खिसे. सर्व्हेअरने बिलं वेगळी केली नाहीत तर यावर महिनोन्‌महिने पत्रव्यवहार चालतो. दुसरी ओळ तेलाची. तेल समोरच्या टाकीतलं, म्हणून जहाजाच्या इंधनतेलाच्या गळतीविषयीच्या बंकर कन्व्हेन्शनखाली सफाईचा पैसा आधी त्याचा मालक भरतो, पण नंतर दोषी म्हणून तो आपल्याकडून वसूल करतो. हल विमेदार तेव्हा वगळलेल्या यादीकडे बोट दाखवतो, आणि त्याचं बरोबर असतं.

आता खरा खड्डा. टकरीच्या कलमात हल विमेदार देतो ती रक्कमही जहाजाच्या विमाकिमतीच्या तीन चतुर्थांशापर्यंतच. आपल्या 2 कोटींच्या जहाजासाठी ही कमाल दीड कोटी. समोर महागडं एलएनजी जहाज असलं आणि दावे 6 कोटींचे झाले तर? त्याचे तीन चतुर्थांश साडेचार कोटी, हल दीड कोटीवर थांबणार. वरचे 3 कोटी आणि पाव हिश्शाचे दीड कोटी क्लबने द्यावेत, अशी अपेक्षा असते. देतोही, पण एका अटीवर: जहाजाचा विमा खऱ्या बाजारभावाला उतरवलेला हवा.

समजा बाजारभाव 3 कोटी होता आणि प्रीमियम वाचवायला मालकाने 2 कोटींचाच विमा घेतला. क्लब हिशेब 3 कोटी धरून करतो. हलने सव्वादोन कोटी द्यायला हवे होते असं मानतो आणि फक्त त्यावरचे सव्वादोन कोटी देतो. अधिक पाव हिश्शाचे दीड कोटी, म्हणजे क्लबकडून पावणेचार कोटी. हलकडून दीड. उरले 75 लाख, ते मालकाचे. भाडेबाजार चढला की जहाजाच्या किमती वर्षभरात उडी मारतात आणि पॉलिसीतली किंमत जुनीच राहते. मुद्दाम कमी दाखवली नाही, हे सांगून काही मिळत नाही. मी तरी ग्राहकाला वर्षातून दोनदा किंमत तपासायला सांगतो. ब्रोकर स्वतःहून सांगेलच याची खात्री नाही.

मग हा पाव हिस्सा कुठे ठेवायचा? टक्कर पूर्णच हलमध्ये घेता येते. नॉर्वेजियन धर्तीच्या नॉर्डिक प्लॅनमध्ये ती मुळातच चार चतुर्थांश असते, वर धक्का, बोया यांचं नुकसानही त्यात येतं. तरी मृत्यू, इजा आणि तेल तिथेही क्लबकडेच, म्हणजे क्लबला रजा देणं कुठल्याच वाटेने शक्य नाही. फरक पडतो तो क्लेम चालवण्यात. टकरीनंतर समोरचा जहाज अटकवतो आणि काही तासांत तारण मागतो. क्लबचं लेटर ऑफ अंडरटेकिंग, म्हणजे हमीपत्र, जवळपास सगळीकडे चालतं. हल विमा मात्र अनेक विमेदारांत तुकड्यातुकड्याने विभागलेला असतो, त्यांच्या सह्या गोळा करायला वेळ लागतो. कधी क्लब पूर्ण रकमेचं पत्र देऊन हलवाल्यांकडून उलट हमी घेतो, पण तसं देण्याचं बंधन त्याच्यावर नाही. म्हणून माझं मत असं: हल विमेदारांचा म्होरक्या टकरीचे दावे स्वतः चालवणारा आणि पत्र देणारा असेल तर चार चतुर्थांश तिकडे टाका, एकाच टेबलावर सगळं होतं. विखुरलेला लंडन बाजार असेल तर पाव हिस्सा क्लबकडे राहू द्या. क्लबचे वकील निदान पहिल्या दिवसापासून आत असतात.

क्लब निवडतानाही दोन वाटा आहेत. इंटरनॅशनल ग्रुप या क्लबांच्या संघात 2023 पासून 12 क्लब आहेत आणि जगातलं सुमारे 90 टक्के सागरी टनेज त्यांच्याकडे. एका दाव्याचे पहिले 1 कोटी डॉलर क्लब स्वतः भरतो, तिथून 10 कोटींपर्यंत सगळे क्लब मिळून, आणि त्यावर पुनर्विम्याचे थर, सुमारे 3.1 अब्जांपर्यंत. तेलप्रदूषणाला मात्र 1 अब्जाची मर्यादा. हे क्लब सभासदांचेच, म्हणून हप्त्याला 'कॉल' म्हणतात. वर्ष वाईट गेलं तर सप्लिमेंटरी कॉल येतो, आणि मधेच सोडून जायचं तर रिलीज कॉल भरावा लागतो. दुसरी वाट ठरावीक प्रीमियमच्या विमेदारांची: वर्षाचा खर्च आधीच कळतो, पण मर्यादा ग्रुपच्या मानाने बरीच कमी. किनाऱ्याकिनाऱ्याने चालणाऱ्या लहान जहाजाला ती पुरते. पूल आणि मोठ्या नदीबंदरांत फिरणाऱ्याने 'डाली' आठवावी.

आणखी एक काम, जे बहुतेक राहून जातं. 20 फेब्रुवारीला क्लबचं वर्ष बदलतं, हल पॉलिसी मात्र कोणत्याही तारखेला संपते. मी एका मालकाच्या कागदांत पाहिलं: हल स्लिपमध्ये टक्कर चार चतुर्थांशावरून तीनवर आणली होती, प्रीमियम थोडा कमी झाला होता. क्लबच्या सर्टिफिकेट ऑफ एंट्रीवर, म्हणजे सभासदत्वाच्या दाखल्यावर, मात्र 'टक्कर वगळून' ही जुनी ओळ तशीच. साडेतीन महिने त्याच्या तीन जहाजांचा पाव हिस्सा कुणाकडेच नव्हता. दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवून फक्त ती एक ओळ जुळवायची होती.