बॉन्डिंगच्या नावाखाली ४४,५०० रुपयांचा डबा

बारा वर्षं कॅमेरा हातात आहे, तरी फसलो. लिहायलाही लाज वाटते.

कोल्हापूरजवळच्या एका गावच्या जत्रेतलं कुस्ती मैदान लाइव्ह करायचं होतं. तीन कॅमेरे, लॅपटॉपवर कॅमेरे जुळवून लाइव्ह पाठवणारं vMix सॉफ्टवेअर, १८,००० रुपये ठरलेले. मैदान भरलं की टॉवरवर ताण येतो आणि एकट्या सिमवर भरवसा राहत नाही, म्हणून दोन सिमांचं नेट एकत्र करणारा 'बॉन्डिंग राउटर' घेतला. डबा ३८,५०० आणि 'वर्षाची क्लाउड सेवा' ६,०००.

दुकानात दुकानदारानं स्पीडटेस्ट दाखवली. एका सिमवर २०, दोन्हींवर ३८. मग यूट्यूबवर व्हिडिओ लावून एक सिम काढलं, व्हिडिओ चालूच. "भावा, डोळं झाकून घे." मी झाकलेच! तिथंच कळायला हवं होतं. यूट्यूब बघताना पुढचा भाग आधीच उतरलेला असतो, सिम काढलं तरी काही सेकंद काहीच दिसत नाही. आणि स्पीडटेस्ट एकाच वेळी अनेक जोडण्या उघडते, त्या दोन सिमांवर वाटल्या की बेरीज दिसणारच. लाइव्ह मात्र RTMP या पद्धतीनं एकाच जोडणीतून जातं, म्हणजे एकाच सिमवरून. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण घाईत होतो, मैदान चार दिवसांवर आलं होतं.

खऱ्या बॉन्डिंगमध्ये दोन्ही सिमांचा डेटा आधी एका सर्व्हरवर जाऊन जुळतो, तिथून पुढं जातो. म्हणून एक सिम काढलं तरी बाहेर दिसणारा आयपी पत्ता तोच राहतो. विकत घेण्याआधी एवढं तपासाच. माझ्या डब्यात पत्ता बदलत होता. सर्व्हर नव्हताच, मग ६,००० कशाचे?

शेवटची जोड लागली आणि पहिल्या सिमनं दम सोडला. राउटरनं दुसरं सिम धरलं, पण पत्ता बदलल्यामुळं चालू जोडणी तुटली. vMix परत जोडेपर्यंत पन्नास सेकंद गेले. तेवढ्यात पैलवान चीतपट! चित्र कमीत कमी उशिरानं दिसावं या कमिटीच्या हट्टापायी अल्ट्रा लो लेटन्सी ठेवली होती, त्यामुळं त्याआधीही बारीकसा झटका बसला की चित्र अडकत होतं. नॉर्मल ठेवली असती तर बघणाऱ्याकडं जास्त सेकंदांचा साठा राहिला असता, ते झटके झाकले गेले असते. पन्नास सेकंद मात्र झाकले नसतेच. कमिटीनं १२,००० कापले.

बिलावर फक्त 'राउटर १ नग'. क्लाउडचे पैसे रोख दिले होते. (पावती घ्या, दुकानदार मित्राचा मित्र असला तरी.)

पोलीस ठाण्यात गेलो, तर सायबरकडं जा. सायबर हेल्पलाइन १९३० ला फोन केला, तर तुम्ही दुकानातून वस्तू घेतलीय, हा ऑनलाइन व्यवहार नाही. ग्राहक आयोगाच्या दारातच एक जण म्हणाला, धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहक नाही. अहो, स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः वापरणारा कायद्यानं ग्राहकच आहे! हे त्यांना मी सांगायचं? तीन फेऱ्या, दोन दिवसांचा धंदा बुडाला. परत ठाण्यात गेलो तेव्हा साहेबांनी डबा हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि विचारलं, "लाइट लागते का?"

"लागते."

"मग फसवणूक कसली?"