फोनवरचा आवाज: श्रवणयंत्रात आणि साध्या इअरबड्समध्ये

साधे इअरबड्स सगळ्यांना सारखाच आवाज देतात. वरच्या पट्टीतलं ऐकू कमी येणाऱ्या आजींना त्यात 'सात' आणि 'हात' सारखंच वाटतं. आवाज वाढवला तर खालचे स्वर नुसते कानात घुमतात. श्रवणयंत्र मात्र फोनवरून आलेला आवाज त्यांच्या ऑडिओग्रामनुसार, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखानुसार, गरज आहे त्याच पट्टीत वाढवतं. कॉलसाठी मी श्रवणयंत्रच सुचवेन.

फोनचा आवाज थेट श्रवणयंत्रात पाठवण्याच्या अँड्रॉइडच्या 'आशा' पद्धतीत आवाज फक्त यंत्राकडे येतो, परत जात नाही. म्हणून बोलताना फोन तोंडाजवळ हवा. खिशात ठेवला तर समोरच्याला तुमचं बोलणं अस्पष्ट जातं. बहुतेक इअरबड्सना स्वतःचा माइक असतो.

संगीताला इअरबड्स बरे. यंत्राची कानात बसणारी रबरी टोपी छिद्रांची असेल तर तिच्यातून खर्ज निसटतो, तबल्याचा डग्गा पोकळ वाजतो.